‘नटसम्राट’च्या उजळणीचा तक्ता



वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’वरील निबंधाची तयारी करताना विद्यार्थी बहुधा पात्रांची यादी करतो: बेलवलकर, कावेरी, नलिनी, राजा. परीक्षेत प्रश्न मात्र आशयसूत्रावर येतो आणि उत्तराचे नुसते स्वभावचित्र होते. म्हणून तक्त्याची प्रत्येक ओळ सूत्रापासून सुरू व्हावी. त्यापुढे दोन विरोधी पात्रे, त्यांचे प्रसंग आणि एकच छोटे अवतरण असावे. ते कोण, कोणास, केव्हा म्हणतो, हेही नोंदवावे.

‘घर’ हे सूत्र पाहा. एकीकडे मुलगी नलिनी. तिच्या घरी बेलवलकरांवर चोरीचा आळ येतो. दुसरीकडे बूटपॉलिश करणारा राजा. तो परका असून आधार देतो. अवतरण निवारा मागणाऱ्या स्वगतातले. यांतून निबंधाचे विधान निघते: रक्ताचे नाते असूनही घर हरवते आणि नाते नसताना ते रस्त्यावर सापडते.

जगण्या-मरण्याचा पेच मांडणारे प्रसिद्ध स्वगत अनेकजण येथेही चिकटवतात. अशा वेळी अवतरण झाकून परिच्छेद वाचावा. विधानाचे काहीच उणे झाले नाही, तर अवतरण केवळ सजावट होते. त्याची जागा तक्त्याच्या दुसऱ्या ओळीत आहे.