काका, माझं उत्तर नाही असं आहे

आजचा विषय माझ्याच फोटोखालचा आहे.

मावसबहिणीच्या लग्नात पैठणी नेसले होते. फोटो टाकला आणि तासाभरात बाबांच्या ओळखीतल्या एका काकांची कमेंट आली: ‘छान दिसतेस. आमच्या भाच्यासाठी विचार करायचा का? पुण्यात आयटीत आहे, स्वतःचा फ्लॅट आहे.’ खाली मैत्रिणींचे हसणारे इमोजी.

मी लिहिलं, ‘थँक्यू काका, सध्या शिकतेय.’ सोबत एक स्माइली. चूक तिथेच झाली. मी नकार दिलाच नव्हता, फक्त कारण दिलं होतं. काकांनी उत्तर दिलं, ‘हरकत नाही, वर्षभर थांबू.’ संध्याकाळी पत्रिका मागायला बाबांना फोन. दोन दिवसांनी भाच्याचा मला मेसेज, ‘हाय, काकांनी सांगितलं असेल ना?’

आपण कारण दिलं की समोरचा ते कारण सोडवायला बसतो. शिकतेय? थांबू. नोकरी करायची आहे? करू देऊ की! ‘नाही’ला मात्र असा तोडगा नसतो.

मग मी आधी आईला सगळं सांगितलं, कारण पुढचा फोन घरीच येणार होता. आई म्हणाली, ‘नाही म्हण, पण नीट म्हण.’ मग कमेंटखाली लिहिलं: ‘काका, नमस्कार. या स्थळासाठी माझं उत्तर नाही असं आहे. कृपया माझ्या फोटोखाली लग्नाचा विषय नको.’ सॉरी नाही, स्माइली नाही. भाच्याला वेगळं: ‘मला हे स्थळ नको आहे. यापुढे मेसेज करू नका.’ त्याचा बिचाऱ्याचा दोष असेलच असं नाही, म्हणून टोमणाही मारला नाही.

हे लेखी असण्याला अजून एक अर्थ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये, बाईने रस नसल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष तिच्याशी जवळीक साधायला पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला, तर तो गुन्हा आहे. काकांची एक कमेंट म्हणजे गुन्हा नव्हे, हेही लक्षात घ्या. पण ‘सध्या शिकतेय’ यातून स्पष्ट नकार दिसत नाही. ‘नाही’मधून दिसतो.

म्हणून कमेंट डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नाव आणि तारीख दिसू द्या. नातं तोडायचं नसेल तर इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ करा. मग त्यांची नवी कमेंट त्यांना दिसते, इतरांना तुम्ही मंजूर केली तरच. नकारानंतरही मेसेज येतच राहिले तर ब्लॉक करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा.

माझ्या बाबतीत भाच्याने ‘ओके, सॉरी’ म्हटलं आणि विषय संपला. काका महिनाभर बाबांशी बोलले नाहीत. परवा हळदीकुंकवाला काकू भेटल्या, हळूच म्हणाल्या, ‘बरं केलंस, सरळ सांगितलंस.’

चला, भेटू पुढच्या भागात!