हाडांचें पेव

घरांतील वृद्ध स्त्री अंगणांत साध्या ठेचेनें पडते, आणि तिच्या खुब्याचें हाड मोडतें. ‘वय झालें, हाडें ठिसूळ झालीं,’ असें म्हणून आपण त्या गोष्टीचा निकाल लावतों. हा निकाल अगदींच खोटा नाहीं, पण तो अपुरा आहे. एकाच वयाच्या दोन स्त्रिया एकाच ओट्यावरून पडल्या तर एकीचें हाड मोडतें व दुसरी झटकून उठते. हा फरक सत्तराव्या वर्षीं दिसून येतो. त्याचें मूळ मात्र पुष्कळदां त्या दोघींच्या बाराव्या-तेराव्या वर्षांत असतें.

वऱ्हाडांतील जुन्या घरांत धान्य पेवांत भरून ठेवीत. सुगींत पेव जितकें भरेल तितक्यावर पुढचे दिवस काढावयाचे. हाडांची स्थिति बरीचशी अशीच असते. जन्मापासून तिशीच्या आसपासपर्यंत हाडांत खनिजांची भर पडत असते. त्यावेळीं जो संचय होतो त्याला अस्थींचा परमोच्च संचय म्हणतात. पुढें कांहीं वर्षें तो जवळजवळ स्थिर राहतो आणि नंतर घटूं लागतो.

तथापि हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यांत दोन प्रकारच्या पेशी सतत काम करीत असतात. एक प्रकार जुनें हाड विरघळवून लहानसा खळगा करतो. दुसरा त्या खळग्यांत नवें हाड भरतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारें दहावा भाग दरवर्षीं असा नवा होतो. बालपणीं भरणारा खोदणाऱ्याच्या पुढें असतो, तारुण्यांत दोघे बरोबरीनें चालतात, आणि उतारवयांत भरणारा मागें पडतो. वयाचा हाडांवर होणारा परिणाम म्हणजे मुख्यतः या दोघांच्या हिशेबांतील तफावत होय.

पेव भरण्याचा वेग सर्व वर्षीं सारखा नसतो. मुलगा अगर मुलगी जेव्हां झपाट्यानें उंच होते, त्या सुमाराच्या अवघ्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या एकंदर कॅल्शियमपैकीं जवळजवळ चतुर्थांश हाडांत सांठतें. मुलींत हा काळ बहुधा ऋतुप्राप्तीच्या थोडा अगोदर येतो, मुलांत दीड-दोन वर्षें उशिरा. मुलींचा सुमारें नऊ-दशांश संचय अठराव्या वर्षापर्यंत, तर मुलांचा विसाव्या वर्षापर्यंत पुरा होतो. हा संचय किती व्हावा यावर आनुवंशिकतेचा मोठा अंमल असतो. व्यक्तिव्यक्तींतील फरकाचा निम्म्याहून अधिक भाग तिच्याकडे जातो. उरलेला भाग मात्र अन्न, ऊन आणि हालचाल यांच्या स्वाधीन आहे, आणि माणसाच्या हातांत असलेला भाग एवढाच.

पेवाचा पाया तर जन्मापूर्वींच घातला जातो, असें दाखविणारें संशोधन महाराष्ट्रांतच झालेलें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळील ६ खेड्यांतील स्त्रियांचा गर्भारपणीचा आहार १९९० नंतरच्या दशकांत नोंदून ठेवला होता. पुढें त्यांचीं मुलें ६ वर्षांचीं झाल्यावर, सुमारें सातशें मुलांचीं हाडें डेक्सा नांवाच्या क्षकिरण-यंत्रानें मोजण्यांत आलीं; निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या मातांच्या आहारांत सातव्या महिन्याच्या सुमारास दूधदुभतें, डाळी, पालेभाज्या, फळें असे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळां होते, त्यांच्या मुलांचीं हाडें अधिक भरदार आढळलीं. मुलाच्या हाडांचें आईच्या व बापाच्याही हाडांशीं साम्य दिसून आलें. असल्या पाहणीनें कार्यकारणभाव पूर्णपणें सिद्ध होत नाहीं, हें खरें. तथापि त्या घरांत काय शिजत होतें याची खूण सहा वर्षांनीं मुलांच्या हाडांत सांपडली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आतां बुलढाणा जिल्ह्यांतील संग्रामपूरकडे वळूं. सातपुड्याच्या पायथ्याचा हा तालुका कपाशी, तूर, सोयाबीन आणि ज्वारी यांचा. येथील एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीचें दिवसाचें जेवण उदाहरणादाखल धरूं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें तिला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवें. ज्वारीच्या भाकरींचें ३०० ग्रॅम पीठ धरलें तरी त्यांत ८० मिलिग्रॅमच्या आसपासच कॅल्शियम असतें. तुरीच्या वाटीभर वरणांतून ३५ च्या सुमारास, वांग्याच्या अगर बटाट्याच्या भाजींतून वीस-तीस, आणि दोन वेळच्या चहांतल्या थोड्याशा दुधांतून साठेक मिळतात. सगळें मिळून दोनशें! पोट भरलें, अंगांत कामाला जोर आला, पण हाडांचें पेव चारपंचमांश रितें राहिलें. भूक लागते तशी कॅल्शियमची उणीव जाणवत नाहीं. म्हणूनच ती वर्षानुवर्षें लक्षांत येत नाहीं.

ही तूट भरून काढण्यास परदेशी वस्तूंची जरूर नाहीं. एका मोठ्या पेल्यांतील पाव लिटर दूध, अगर तितक्या दुधाचें दहीं, ३०० मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम देतें. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठांत साडेतीनशें असतें, म्हणजे ज्वारीच्या बारापटीहून अधिक. शेवग्याचा पाला शंभर ग्रॅमला तीनशेंहून अधिक देतो, आणि न सोललेल्या तिळांत तर शंभर ग्रॅममागें हजारावर असतें. मात्र तिळाच्या सालींत ऑक्झलेट असतें व तें कॅल्शियमला धरून ठेवतें, म्हणून कोष्टकांतला सगळा आंकडा अंगीं लागत नाहीं. पालकाचेंही असेंच आहे. दुधाचा लाभ या दृष्टीनें अधिक खात्रीचा. तसेंच खाल्लेलें कॅल्शियम आंतड्यांतून नीट शोषलें जाण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागतें, आणि तें मुख्यत्वें उन्हांत त्वचेंत तयार होतें.

येथें पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्याचा उल्लेख अवश्य आहे. पोटांत सोडियम जितकें अधिक जाईल तितकें कॅल्शियम लघवीवाटे अधिक बाहेर पडतें; सहा ग्रॅम मिठामागें सुमारें ४० मिलिग्रॅम, असा ढोबळ हिशेब आहे. दिवसाला हजार मिळत असेल त्याला ही गळती क्षुल्लक. पण ज्याच्या ताटांत दोनशेंच आहेत त्याला ती विचारांत घ्यावीच लागते.

आतां भरलेलें पेव रितें कसें होतें तें पाहूं. स्त्रियांच्या शरीरांतील इस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव खोदणाऱ्या पेशींना आवर घालतो. आपल्याकडे बहुधा पंचेचाळीस ते पन्नास वर्षांच्या दरम्यान मासिक पाळी बंद होते तेव्हां हा आवर सुटतो, आणि पुढील पांच ते आठ वर्षें हाडांची झीज दरवर्षीं एक ते दोन टक्क्यांनीं होते. नंतर वेग मंदावतो, पण थांबत नाहीं. पुरुषांत असा एकाएकीं उतार नसतो. त्यांची झीज संथ असते व त्यांचा मूळ संचयही मोठा असतो, म्हणून त्यांचा धोका उशिरा येतो. आंतून जाळीदार असलेलें हाड प्रथम झिजतें, कारण खोदकामाला तेथें पृष्ठभाग पुष्कळ. म्हणून मणके व मनगट आधीं दगा देतात, आणि खुब्याची पाळी मागाहून येते.

एक उदाहरण गणितानें सोडवून पाहूं. तिशींत पहिल्या बहिणीचा संचय १०० भाग आहे, आणि किशोरवयांत दूधदुभत्यास मुकलेल्या दुसरीचा ९०, असें समजा. दोघींची पाळी ४७ व्या वर्षीं बंद झाली. पुढें सहा वर्षें दरसाल दीड टक्का आणि नंतर पाऊण टक्का अशी दोघींची सारखीच झीज धरूं. ५३ व्या वर्षीं पहिलीजवळ ९१ भाग उरतात, दुसरीजवळ ८२. अस्थिक्षयाची वैद्यकीय मर्यादा तरुणपणींच्या सरासरीच्या सुमारें पाऊणपट, म्हणजे ७५ धरली, तर दुसरी बहीण ६५ व्या वर्षींच ती ओलांडते. पहिलीला तेथें पोंचण्यास ७९ वें वर्ष उजाडतें. झिजेचा वेग एकच, परंतु मुळांतल्या दहा भागांच्या फरकानें धोक्याचें वय चौदा वर्षें अलीकडे आलें. हें केवळ मांडलेलें गणित आहे, प्रत्यक्ष शरीर इतक्या सरळ रेषेनें चालत नाहीं. तरी शास्त्रज्ञांनीं संगणकावर जीं प्रतिमानें मांडलीं त्यांतही दहा टक्क्यांच्या फरकाचें फळ तेरा वर्षांच्या आसपासच निघालें.

झीज ओळखावी कशी? मोडेपर्यंत हाड दुखत नाहीं, ही या रोगाची मोठी अडचण. मणका दबतो तेव्हांही पुष्कळदां तें कळत नाहीं. फक्त उंची कमी होते आणि पाठीस बाक येतो. म्हणून घराच्या भिंतीवर मुलांची उंची जशी खुणेनें मोंदतात, तशी चाळिशींतील स्त्रियांचीही नोंदून ठेवावी. तरुणपणच्या उंचींतून चार सेंटिमीटर गेले तर वैद्याला दाखविण्यास तें पुरेसें कारण आहे. निश्चित मोजमाप डेक्सा यंत्रानें होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येप्रमाणें, तरुण स्त्रीच्या सरासरीपेक्षां अडीच प्रमाण-विचलनांनीं अगर त्याहून अधिक खालीं गेलेली घनता म्हणजे अस्थिक्षय. पण हें यंत्र हाडाची सावली मोजतें, जाडी मोजत नाहीं. त्यामुळें लहान चणीच्या स्त्रीचें निरोगी हाडही त्याला कमी भासूं शकतें. तसेंच ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावानें हाड मऊ पडलें असलें तरी आंकडा खालींच येतो. तेथें उपाय निराळा असतो. म्हणून सर्वांग ठणकणें, खालीं बसल्यावर उठतां न येणें अशीं लक्षणें असतील तर रक्ततपासणी आधीं व्हावी.

पन्नाशीनंतर सुरू केलेलें दूध वाया जात नाहीं. परंतु तें पेव पुन्हां भरीत नाहीं, गळती तेवढी कमी करतें. चालणें, पायऱ्या चढणें, वजन उचलणें यांचेंही तसेंच. ज्यांची झीज फार झाली आहे त्यांच्यासाठीं वैद्यांजवळ खोदणाऱ्या पेशींना आवरणारीं औषधें आहेत, आणि त्यांनीं हाडें मोडण्याचें प्रमाण घटतें. पण हे सर्व उपाय रिकाम्या होत चाललेल्या पेवाला लिंपण घालण्याचे आहेत. भरण्याची सुगी एकदांच येते. संग्रामपूरच्या घरांत दूध थोडें असेल व तें वांटावयाचें असेल, तर घरांतल्या कर्त्या पुरुषाच्या चहाआधीं बारा वर्षांच्या मुलीचा पेला भरावा, इतकाच या सर्व आंकड्यांचा व्यवहारांतला अर्थ आहे.