ठिबकणारा घाम गारवा देत नाही

आज घामाबद्दल एक गैरसमज दूर करूया. "घाम येतोय ना, मग काळजी नको," असं आपण सहज म्हणतो. दमट हवेत हे वाक्य जिवावर बेतू शकतं.

चेन्नईत गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारा एक मजूर डोळ्यांसमोर आणा. हवा 34 अंश, आर्द्रता 75 टक्के. या कामात त्याचं शरीर साधारण 400 वॉट उष्णता तयार करतं. ती आधी रक्तात येते. मग त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त ती उष्णता त्वचेपर्यंत आणून सोडतं. पण त्वचा 36 अंशांवर आणि हवा 34 वर, म्हणजे नुसत्या हवेला उष्णता फारशी देता येत नाही. जवळजवळ सगळी भिस्त घामावर.

एक लिटर घामाची वाफ झाली, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते. या हिशोबाने आपल्या मजुराच्या अंगावरून ताशी 600 मिलिलिटर घामाची वाफ व्हायला हवी. इथे 'वाफ' हा शब्द महत्त्वाचा. हनुवटीवरून जमिनीवर पडलेला थेंब पाणी आणि मीठ घेऊन गेला, उष्णता मात्र अंगातच राहिली.

वाफ किती होणार हे ठरतं त्वचेवरच्या आणि हवेतल्या बाष्पाच्या दाबातल्या फरकावर. दिल्लीच्या मे महिन्यातल्या 42 अंशांच्या, 20 टक्के आर्द्रतेच्या हवेत हा फरक चेन्नईच्या दुपटीहून जास्त असतो. तिथली हवा अंग तापवते खरी, पण घाम दिसायच्या आत वाळतो. चेन्नईत तो ठिबकतो. शिवाय त्वचा तासन्‌तास ओली राहिली की फुगते, घामग्रंथींची तोंडं आकसतात आणि घामही कमी होऊ लागतो.

उष्णता बाहेर पडेना, की शरीर त्वचेकडे आणखी रक्त पाठवतं. विश्रांतीत मिनिटाला पाव-अर्धा लिटर असणारा हा प्रवाह कडक उष्म्यात अनेक लिटरांवर जाऊ शकतो. तेच रक्त काम करणाऱ्या स्नायूंनाही हवं असतं. त्यात घामाने शरीरातलं पाणी घटलेलं. म्हणून हृदय धडधडतं, उभं राहिल्यावर चक्कर येते.

आता धोका ओळखायचा कसा? कष्टाच्या कामात उष्माघात झालेल्या माणसाचं अंग घामाने चिंब असू शकतं. तेव्हा त्वचा कोरडी पडायची वाट पाहू नका. तो असंबद्ध बोलतोय, अडखळतोय, विचित्र वागतोय, एवढं पुरे. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. पंखा लावाच, पण दमट हवेत नुसत्या पंख्यावर विसंबू नका. गार पाणी वाफेची वाट पाहत नाही. ते उष्णता थेट अंगातून खेचून घेतं.