चार रोधकांचा मेळ

छातीतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून हृदयाचे कार्य पारखणाऱ्या यंत्रांवर पवईच्या आय. आय. टी.त संशोधन झालेले आहे. अशा यंत्रात शरीराचा रोध पालटला तरी प्रवाह पालटता कामा नये. या कामी १९६२च्या सुमारास ब्रॅडफर्ड हाउलंड यांनी योजिलेले मंडल उपयोगी पडते.

त्यात ऑप-अँपभोवती चार रोधक असतात. भारावरील दाब चढला म्हणजे पहिल्या रोधकातून येणारा प्रवाह घटतो. ती तूट ऑप-अँप दुसऱ्यातून भरून काढतो. उरलेले दोन रोधक भरपाईचे माप ठरवितात. दोन्ही जोड्यांचे प्रमाण सारखे असेल तरच हिशेब तंतोतंत जुळतो.

समजा, चारही रोधक १० हजार ओहमांचे असून १ व्होल्टास १०० मायक्रोअँपिअर प्रवाह मिळावयाचा आहे. प्रत्येकात शेकडा १ चूक असून साऱ्यांनी प्रमाण एकाच बाजूस झुकविले, तर प्रमाणात शेकडा ४ फरक पडतो. मग निर्गमरोध अनंत न राहता १० हजार भागिले ०.०४, म्हणजे अडीच लाख ओहम उरतो, आणि १० हजारांच्या भारातून सुमारे ९६च मायक्रोअँपिअर जातात. चूक उलट झाल्यास भरपाई अधिक होऊन १०४ जातात.

दोष ओळखणे सोपे आहे. भाराऐवजी तार जोडून प्रवाह पाहावा, मग भार जोडून पाहावा. काटा हलला, तर एका रोधकाशी जोडलेला लहानसा बदलता रोधक, काटा स्थिर होईतो, फिरवावा.