मॉडेल कामाला लागल्यावरची राखण

संगणकाचं मॉडेल म्हणजे जुन्या नोंदी पाहून अंदाज बांधायला शिकलेली प्रणाली. ते कामाला लावलं की बहुतेक जण निर्धास्त होतात. पण मॉडेल तेच राहतं आणि भोवतालचं जग बदलत जातं. मग अंदाज हळूहळू ढळू लागतात. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. तो ओळखायचा कसा आणि मॉडेलला पुन्हा शिकवायचं केव्हा, हे आज एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

2008 साली गूगलने अमेरिकेत 'फ्लू ट्रेंड्स' सुरू केलं. लोक इंटरनेटवर फ्लूविषयी काय शोधतात, त्यावरून साथ किती पसरली आहे याचा अंदाज ते देई. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेकडे डॉक्टरांकडून येणारे आकडे खरे, पण ते हाती यायला आठवडा-दोन आठवडे लागत. गूगलचा अंदाज जवळजवळ त्याच दिवशी मिळे.

2009 च्या वसंतात स्वाइन फ्लू आला. मॉडेल शिकलं होतं ते हिवाळी साथींवर, त्यामुळे या अवेळी आलेल्या लाटेचा अंदाज फारच कमी आला. त्याच वर्षी मॉडेल सुधारण्यात आलं. पुढे 2012-13 च्या हिवाळ्यात उलटं घडलं. साथ शिखरावर असताना मॉडेलचा आकडा सीडीसीच्या जवळजवळ दुप्पट होता.

हे आधी कळलं असतं का? हो, कळलं असतं. 2014 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात संशोधकांनी दाखवलं की ऑगस्ट 2011 पासूनच्या 108 आठवड्यांपैकी 100 आठवडे अंदाज जास्तच निघाला होता. चूक प्रत्येक मॉडेलची होते. निरोगी मॉडेल कधी थोडं वर चुकतं, कधी थोडं खाली. चूक आठवड्यामागून आठवडे एकाच बाजूला झुकू लागली, तर तो योगायोग नव्हे. ड्रिफ्टची ही सर्वांत स्पष्ट खूण. म्हणून चुकीचा आकार पाहा, तशी तिची दिशाही नोंदवून ठेवा.

दुसरी खूण म्हणजे साधा नियम मॉडेलवर मात करू लागणं. सीडीसीचे दोन आठवड्यांपूर्वीचे आकडे घेऊन केलेला साधा अंदाजही फ्लू ट्रेंड्सपेक्षा बरा ठरत होता. तुमच्या मॉडेलशेजारी असा एक साधा अंदाज कायम चालू ठेवा.

पण खरं उत्तर उशिरा येत असेल तर? समजा, एखादी पतसंस्था कर्ज फिटेल की नाही हे मॉडेलवरून ठरवते. कर्ज थकलं हे कळायला महिने जातात. तोवर आत येणाऱ्या माहितीवर नजर ठेवावी लागते. शिकवताना अर्जदारांत पगारदार किती, शेतकरी किती होते आणि आज किती आहेत? कोऱ्या सोडलेल्या रकान्यांचं प्रमाण वाढलंय का? नकार एकाएकी वाढलेत का? दर आठवड्याला ही तुलना करा. मात्र माहिती बदलली म्हणजे मॉडेल चुकतंच आहे, असं समजू नका. तो फक्त चौकशी करण्याचा इशारा आहे.

चौकशीत सर्वांत आधी नोंदी तपासा. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात एखाद्या शाखेने मासिक उत्पन्न भरायला सुरुवात केली, तर मॉडेलला अर्जदार अचानक गरीब दिसू लागतील. इथे मॉडेलला पुन्हा शिकवलंत, तर ते ती चूकच खरी मानून शिकेल. आधी नोंद दुरुस्त करा.

नोंदी चोख आहेत, चूक एकाच बाजूला झुकली आहे, साधा नियम वरचढ ठरतोय. एवढं जुळून आलं की मॉडेलला नव्या नोंदींवर शिकवण्याची वेळ झाली. शिकवताना अगदी अलीकडच्या काही आठवड्यांच्या नोंदी बाजूला ठेवा आणि जुनं व नवं, दोन्ही मॉडेल त्यांवर तपासा. नवं सरस ठरलं तरी काही दिवस दोन्ही शेजारी-शेजारी चालवा, मगच जुनं उतरवा.

फ्लू ट्रेंड्सला 2009 मध्ये पुन्हा शिकवलं होतं, तरी ते ढळलं. संशोधकांच्या मते त्याचं एक कारण गूगलच्या शोधसेवेतच होतं. ताप, खोकला असं शोधणाऱ्याला ती संबंधित शब्द आणि संभाव्य आजार सुचवू लागली होती. त्यामुळे आजारी नसलेलेही फ्लू शोधू लागले असावेत. म्हणजे मॉडेल ज्या माहितीवर उभं होतं, तीच सतत बदलत होती. अशा ठिकाणी एकदा शिकवून भागत नाही. उशिरा का होईना, येणारे खरे आकडे सतत मॉडेलला देत राहावे लागतात. गूगलचा अंदाज आणि सीडीसीचे जुने आकडे एकत्र केले, तेव्हा अंदाज दोहोंपेक्षा चांगले आले.

तेव्हा मॉडेल सुरू करण्याच्या दिवशीच तीन गोष्टी लिहून ठेवा. खरं उत्तर कुठून आणि किती दिवसांनी मिळणार, दर आठवड्याला चूक कोण पाहणार आणि ती किती आठवडे एकाच बाजूला राहिली की काम थांबवून चौकशी करायची. खरं उत्तर मिळण्याची सोयच नसेल, तर ते मॉडेल आपोआप निर्णय घेण्यासाठी वापरू नका.