परताव्याचे पैसे कुठे अडकतात?

ऑनलाइन मागवलेली २,४५० रुपयांची साडी पसंत पडली नाही म्हणून तुम्ही परत केली. पैसे डेबिट कार्डाने दिले होते. गुरुवारी संध्याकाळी दुकानाचा मेसेज आला, ‘रिफंड प्रोसेस्ड’. शुक्रवारी पासबुक भरून आणलं, तर रक्कम जमा नाही. बँकेतले म्हणतात, आमच्याकडे काही आलेलं नाही. दुकान म्हणतं, आम्ही पाठवले. बहुधा दोघंही खरं बोलत असतात.

दुकानाने पाठवलेली असते ती फक्त सूचना. ती पेमेंट गेटवेकडे जाते, तिथून दुकानाच्या बँकेकडे, मग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेत. प्रत्येक ठिकाणी दिवसभराचे व्यवहार एकत्र करून पुढे धाडतात. म्हणून कार्डाच्या परताव्याला साधारण पाच ते सात कामाचे दिवस धरतात. आपल्या उदाहरणात शुक्रवार पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद, मग रविवार. सातवा दिवस थेट पुढच्या शनिवारी उजाडतो, आणि शनिवार न धरणाऱ्यांचा सोमवारी. यूपीआयने दिलेले पैसे बहुतेक वेळा याहून लवकर परत येतात. क्रेडिट कार्डाचा परतावा मात्र बचत खात्यात शोधू नका, तो कार्डाच्याच खात्यात जमा होतो. आणि नोंदीत दुकानाऐवजी गेटवे कंपनीचं नाव असू शकतं. कित्येकांचे पैसे आलेले असतात, ओळखू येत नाहीत इतकंच.

मुदत उलटली की दुकानाकडे ‘एआरएन’ मागा. कार्डाच्या परताव्याचा हा तेवीस आकडी क्रमांक. यूपीआय असेल तर परताव्याचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. खरेदीच्या वेळचा नव्हे, तो इथे उपयोगाचा नाही. क्रमांक देता येत नसेल, तर परतावा अजून पुढे सरकलेला नाही असं समजा. कधी गेटवेकडे दुकानाची पुरेशी शिल्लकच नसते. अशा वेळी बँकेशी भांडण्यात अर्थ नाही. दुकानाकडेच तगादा लावा, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

क्रमांक मिळाला, की तो लिहून बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारणा कुणाच्या लक्षात राहत नाही.

एक गैरसमज फार पसरलाय. दिवसाला शंभर रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, पण तो फसलेल्या व्यवहारांसाठी, म्हणजे खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानाला पोचलेच नाहीत अशांसाठी. परत केलेल्या साडीला तो लागू नाही. तुमच्या लेखी अर्जाला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. शुल्क नाही. ती पोच तेव्हा जोडायला लागेल.