सवड कामाची नव्हे, वाटेची

बांधकामाच्या वेळापत्रकात एखादे काम किती दिवस लांबले तरी शेवटची तारीख हलत नाही, हे सांगणाऱ्या दिवसांच्या संख्येला सवड किंवा फ्लोट म्हणतात. 1957च्या सुमारास ड्युपॉन्ट कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडमधील जेम्स केली यांनी जी क्रिटिकल पाथ पद्धत घडवली, तिचे सारे मर्म या गणितात आहे.

सेंट्रिंग निघालेल्या एका लहान घराचे उदाहरण घेता येईल. वीटकाम आणि भिंतीतील विजेच्या नळ्या यांना 16 दिवस, त्यानंतर गिलाव्याला 10, मग फरशीला 8 आणि अखेरीस रंगाला 7 दिवस लागतात. दरम्यान, पहिल्याच दिवशी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची मागणी नोंदवली तर त्या 15 दिवसांत तयार होतात, मात्र गिलावा झाल्याशिवाय बसवता येत नाहीत. बसवायला 3 दिवस लागतात आणि रंग फरशी व खिडक्या ही दोन्ही कामे संपल्यावरच सुरू होतो.

आरंभापासून पुढे मोजत गेल्यास गिलावा 26व्या, फरशी 34व्या आणि रंग 41व्या दिवसाच्या अखेरीस संपतो. आता 41पासून मागे येत प्रत्येक काम उशिरात उशिरा केव्हा संपले तरी चालेल हे काढले, तर खिडक्या बसवण्याचे काम 34व्या दिवसापर्यंत संपले तरी पुरते, म्हणजे त्याला 5 दिवसांची सवड आहे. खिडक्या बनवण्याचे काम 31व्या दिवसापर्यंत संपले तरी चालते, म्हणजे त्याची सवड 16 दिवस. वीटकाम, गिलावा, फरशी आणि रंग यांना शून्य सवड असल्याने त्यांतील एक दिवसाचा उशीर तारीख एक दिवस पुढे ढकलतो.

येथेच सर्वांत जास्त फसगत होते. 16 आणि 5 हे आकडे स्वतंत्र नाहीत, कारण सवड एकेका कामाची नसून त्या वाटेवरील सर्व कामांची सामाईक असते. खिडक्या 11 दिवस उशिरा आल्या तरी त्या 26व्या दिवशी हजर असतात आणि कोणालाच झळ पोहोचत नाही, म्हणून या 11 दिवसांना मुक्त सवड म्हणतात. त्यापुढचा प्रत्येक दिवस मात्र बसवणाऱ्याच्या 5 दिवसांतून वजा होतो. कारखानदाराने पूर्ण 16 दिवस वापरले, तर बसवणाऱ्याकडे काही उरत नाही आणि त्याचा एका दिवसाचा खोळंबासुद्धा घराचा ताबा लांबवतो. म्हणून कारखानदाराला 16 नव्हे, 11 हाच आकडा सांगणे योग्य.

या गणिताला एक मोठी मर्यादा आहे: ते कामांचा क्रम पाहते, माणसे पाहत नाही. वेळापत्रकात एकाच तारखांना दोन कामांपुढे एकाच मिस्त्रीचे नाव दिसले, तर तेथील सवड कागदावरचीच आहे असे समजावे. फरशी आणि खिडक्या एकाच टोळीकडे असल्या, तर 34व्या दिवशी फरशी आटोपून ती खिडक्यांना हात घालील, रंग 37व्या दिवसानंतर सुरू होईल आणि कोणीही दिरंगाई न करता घर 44व्या दिवशी पूर्ण होईल.